ओळ कुठे मोडायची

सांगलीतल्या एका सोलर वॉटर हीटर विक्रेत्याची जाहिरात आहे, असं समजू. पाऊण मिनिटाचा, फोनवर उभा धरून बघायचा व्हिडिओ. दुकानदार स्वतःच गच्चीवर उभा आहे, मागे काचेच्या नळ्या आणि टाकी दिसते. तो सहज बोलतो, कुणी लिहून दिलेलं पाठ केल्यासारखं वाटत नाही. बाराव्या सेकंदापासून पुढची साधारण पंधरा सेकंदं तो म्हणतो:

आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा हेच विचारतो की पावसाळ्यात काय करायचं तर त्याचं असं आहे ढग असले तरी थोडंफार पाणी तापतं पण सलग चार दिवस ऊन पडलं नाही तर टाकीतल्या कॉइलचं बटण दाबायचं मात्र टाकी रिकामी असताना बटण अजिबात दाबू नका

विरामचिन्हं मुद्दामच गाळली आहेत, कारण बोलण्याचा मजकूर एडिटरच्या हातात पडतो तेव्हा तो बहुधा असाच असतो. हा मजकूर सबटायटलच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून ‘ओळी आपोआप पाडा’ म्हटलं की काही क्षणांत काम होतं. प्रत्येक ओळ 42 खुणांच्या आत बसवायची आणि एका वेळी दोन ओळी दाखवायच्या, असा नियम त्यात आधीपासून भरलेला असू शकतो. आपला मजकूर या नियमाने कापला तर पडद्यावर येणारी तिसरी, म्हणजे शेवटची जोडी अशी निघते:

```
टाकीतल्या कॉइलचं बटण दाबायचं मात्र टाकी
रिकामी असताना बटण अजिबात दाबू नका
```

आडव्या, रुंद पडद्यावर एवढ्यावर भागलं असतं. उभ्या फोनवर मात्र ठसठशीत आकारात ओळीला साधारण वीस अक्षरं मावतात. या दोन्ही ओळी त्याहून लांब आहेत. मग दाखवणारं साधन त्या स्वतःच पुन्हा मोडतं आणि दोनाच्या चार ओळी होतात:

```
टाकीतल्या कॉइलचं बटण दाबायचं
मात्र टाकी
रिकामी असताना बटण अजिबात दाबू
नका
```

‘नका’ एकटा खाली पडला. वरची ओळ वाचणाऱ्याच्या मनात ‘रिकामी असताना बटण अजिबात दाबू’ एवढंच पोचतं आणि फोनवर बोट सरकवणाऱ्याचं बोट तेवढ्यात सरकलेलंही असतं. टाकीत पाणी नसताना विजेची कॉइल चालू केली तर ती जळते. म्हणजे दुकानदार ज्या चुकीपासून गिऱ्हाइकाला वाचवू पाहत होता, तिच्याच दिशेने कॅप्शन बोट दाखवत आहे. मजकुरातला एकही शब्द चुकलेला नाही, शुद्धलेखन बिनचूक आहे, वेळही बरोबर आहे. चुकली आहे ती फक्त ओळ मोडायची जागा.

या प्रकरणात आपण हाच तुकडा घेऊन तो नीट करू. त्यासाठी आधी त्या 42 या आकड्याचा हिशेब करावा लागेल, कारण गोंधळाची सुरुवात तिथे आहे.

हा आकडा मुळात रोमन लिपीच्या सवयीतून आला आहे. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी सबटायटलच्या मार्गदर्शिकेत ओळीला जास्तीत जास्त 42 खुणा आणि एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी अशी मर्यादा आहे. रोमन लिपीत एक खूण म्हणजे डोळ्यांना दिसणारं एक अक्षर, त्यामुळे तिथे मोजणं सरळ आहे. देवनागरीत संगणक मोजतो एक आणि आपल्याला दिसतं दुसरंच. ‘प्रत्येक’ हा शब्द आपण ‘प्र, त्ये, क’ असा तीन अक्षरांत वाचतो. संगणकाच्या लेखी मात्र त्यात प, हलन्त, र, त, हलन्त, य, एकाराची मात्रा आणि क अशा आठ खुणा आहेत. ‘आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस’ ही ओळ डोळ्यांना मोकळ्या जागांसकट 17 अक्षरांची दिसते आणि संगणक ती 31 खुणांची धरतो.

यामुळे दोन्ही बाजूंनी फसगत होते. जोडाक्षरं आणि मात्रा दाट असलेली ओळ सॉफ्टवेअर लाल करून ‘लांब झाली’ म्हणतं, पण पडद्यावर ती आरामात बसते. उलट ‘सलग चार दिवस’ यासारखी साध्या अक्षरांची ओळ खुणांच्या हिशेबात लहान ठरते, पण तेवढ्याच खुणांच्या जोडाक्षरी ओळीपेक्षा ती पडद्यावर जास्त पसरते. म्हणून मराठी काम करताना खुणांचा इशारा हा फक्त इशारा समजावा आणि खरा हिशेब अक्षरांत, म्हणजे प्रत्यक्ष दिसणाऱ्या रुंदीत करावा. रीलसाठी ओळीला 18 ते 20 अक्षरं हे माझं माप आहे. त्यामागचं गणित साधं आहे. उभ्या व्हिडिओची चौकट 1080 बाय 1920 पिक्सेलची असते. दोन्ही कडांना थोडी मोकळी जागा सोडली की लिहायला साधारण 950 पिक्सेल उरतात. 72 पिक्सेलच्या आसपासचा ठळक फाँट घेतला तर एका अक्षराला सरासरी पंचेचाळीस-पन्नास पिक्सेल लागतात, आणि वीसच्या आसपास अक्षरांवर ओळ भरते. फाँट बदलला की आकडा बदलतो, तेव्हा पहिली दोन-तीन कॅप्शन प्रत्यक्ष फोनवर बघूनच तो पक्का करावा.

आता खरा प्रश्न: वीस अक्षरांच्या आत मोडायची कुठे?

जगभरच्या सबटायटलकारांमध्ये यावर एक सर्वमान्य सूत्र आहे. अर्थाने एकमेकांना धरून असलेले शब्द एकाच ओळीत ठेवावेत आणि जिथे बोलणारा श्वास घेईल किंवा घेऊ शकेल, तिथे मोडावं. सूत्र बरोबर आहे, पण त्याची उदाहरणं बहुतेक इंग्रजीची असतात. ती जशीच्या तशी मराठीला लावली की घोळ होतो. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि ‘साठी’, ‘वरून’, ‘पासून’ अशी शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटूनच असतात, त्यामुळे ती तुटण्याची भीती मुळातच नाही. इंग्रजी नियमावलीचा निम्मा भाग ज्या छोट्या सुट्या शब्दांच्या काळजीत खर्च होतो, ती काळजी आपल्याला करावी लागत नाही. आपली काळजी वाक्याच्या शेपटीकडे असते.

मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, आणि ते क्रियापद बऱ्याचदा दोन-तीन शब्दांचं असतं. ‘तापत नाही’, ‘बसवून देतो’, ‘करता येतं’, ‘जाऊ शकतं’, ‘दाबू नका’. ही गाठ कुठल्याही परिस्थितीत सोडू नये. नकार असेल तर ती सोडणं धोक्याचं आहे, कारण पहिली ओळ एक सांगते आणि दुसरी ते खोडून काढते. नकार नसेल तरी ‘आम्ही घरी येऊन बसवून’ यावर ओळ संपली की वाचणारा लटकतो. पुढची ओळ येईपर्यंत त्याच्या हातात काहीच नसतं.

दुसरी गाठ ‘च्या’, ‘चं’, ‘ची’ या प्रत्ययांची. ‘टाकीतल्या कॉइलचं’ यावर मोडलं की ‘कॉइलचं काय?’ हा प्रश्न अधांतरी राहतो. तसंच ‘आमच्याकडे येणारा’ आणि ‘प्रत्येक माणूस’ यांचं. ‘येणारा’, ‘लागणारं’, ‘बसवलेली’ असे शब्द पुढच्या नामाकडे झुकलेले असतात, त्यांना नामासोबत ठेवावं. आकडा आणि त्याचं माप हीसुद्धा अशीच जोडी आहे. ‘200 लिटर’ मधले 200 वरच्या ओळीच्या टोकाला आणि लिटर खाली, हे जाहिरातीत फारच वाईट दिसतं. जाहिरातीत आकडा हाच तर माल असतो. अशा ठिकाणी दोन शब्दांमध्ये साध्या स्पेसऐवजी न तुटणारी स्पेस, म्हणजे U+00A0, टाकली की बहुतेक साधनं ती जोडी तोडत नाहीत.

जोडणाऱ्या शब्दांची गंमत यापेक्षा जास्त आहे. इंग्रजीतला नियम सांगतो की जोडणाऱ्या शब्दाच्या आधी मोडा, म्हणजे तो नव्या ओळीच्या सुरुवातीला येईल. मराठीत ‘पण’, ‘आणि’, ‘मात्र’ यांना हा नियम लागू पडतो. बोलतानाही आपण त्यांच्या आधी थांबतो. ‘तर’ आणि ‘तरी’ यांना तो लागू पडत नाही. ‘ढग असले तरी’, ‘ऊन पडलं नाही तर’ असं म्हणून आपण थांबतो, कारण ते शब्द मागच्या क्रियापदाला टेकलेले असतात. ‘तरी’ उचलून पुढच्या ओळीत टाकला तर ‘तरी थोडंफार पाणी तापतं’ हे दुसऱ्याच कुठल्या तरी वाक्याचं शेपूट वाटतं. ‘की’ची गोष्टही तीच. ‘विचारतो की’ असं म्हणून मराठी माणूस क्षणभर थांबतो आणि मग प्रश्न सांगतो. ‘की’ने सुरू होणारी ओळ व्याकरणाच्या दृष्टीने चुकीची नाही, पण कानाला ती मराठी वाटत नाही. आणि ‘म्हणून’ तर दोन्हीकडे जातं. ‘ऊन नव्हतं, म्हणून पाणी तापलं नाही’ यात ते पुढच्या ओळीचं आहे. ‘उद्या येतो म्हणून सांगून गेला’ यात ते मागच्या ओळीचं आहे. इथे कुठलंही सॉफ्टवेअर कामाला येत नाही, वाक्य मोठ्याने म्हणून बघावं लागतं.

एवढ्या बारकाव्याने प्रेक्षकाला खरंच फरक पडतो का, अशी शंका घेणारे लोकही आहेत आणि ती शंका निराधार नाही. एलिसा पेरेगो आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये सबटायटल असलेला चित्रपटाचा भाग दाखवून प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. नामाचा गट मधोमध तोडणाऱ्या ओळींमुळे आकलनात म्हणण्यासारखा फरक पडलेला दिसला नाही. पुढे 2018 मध्ये ओलिव्हिया गेर्बेर-मोरोन आणि आग्निएश्का शार्कोव्स्का यांनी एकच मजकूर दोन तऱ्हांनी मोडून दाखवला आणि कुठल्या बऱ्या वाटतात हे विचारलं, तेव्हा कौल साधारणपणे अर्थाला धरून मोडलेल्या ओळींकडे गेला. म्हणजे समजण्यात फार अडत नाही, पण खटकतं. चित्रपट बघायला बसलेला माणूस खटकलं तरी बसून राहतो, कारण त्याला गोष्ट हवी असते. जाहिरात बघणाऱ्याला काहीच नको असतं, त्यामुळे तिथे खटकणं म्हणजे निघून जाणं. शिवाय ‘दाबू / नका’ सारख्या ठिकाणी प्रश्न आवडीचा राहत नाही, अर्थ उलटण्याचा होतो.

आता आपला तुकडा नीट करू. तो असा होतो:

```
1
00:00:12,000 --> 00:00:15,000
आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस
पहिल्यांदा हेच विचारतो की

2
00:00:15,080 --> 00:00:17,400
पावसाळ्यात काय करायचं?

3
00:00:17,480 --> 00:00:19,700
ढग असले तरी
थोडंफार पाणी तापतं,

4
00:00:19,780 --> 00:00:22,400
पण सलग चार दिवस
ऊन पडलं नाही तर

5
00:00:22,480 --> 00:00:24,200
टाकीतल्या कॉइलचं बटण दाबायचं.

6
00:00:24,280 --> 00:00:27,600
मात्र टाकी रिकामी असताना
बटण अजिबात दाबू नका.
```

ही एसआरटी फाइल आहे, सबटायटलच्या फाइलचा सर्वांत साधा प्रकार. क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मजकूर आणि मग एक रिकामी ओळ. सेकंदांनंतर स्वल्पविराम आहे, टिंब नाही, आणि पुढचे तीन अंक मिलिसेकंदांचे. साध्या नोटपॅडमध्येही ती उघडता येते. मात्र साठवताना यूटीएफ-8 निवडायला हवं, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात.

पहिल्या कॅप्शनमध्ये ओळी 17 आणि 14 अक्षरांच्या आहेत. वरच्या ओळीत कोण, खालच्या ओळीत तो काय करतो. ‘की’ मागेच राहिला आहे आणि प्रश्न पुढच्या कॅप्शनमध्ये एकटा आला आहे. प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न पडद्यावर एकटा दिसला की तो थांबतो. जाहिरातीत अशी एक-दोनच ठिकाणं असतात, ती ओळखून त्यांना जागा द्यावी.

दुसऱ्या कॅप्शनमध्ये आणखी एक गोष्ट केली आहे. दुकानदार ‘तर त्याचं असं आहे’ म्हणतो, ते गाळलं आहे. बोलताना हे चार शब्द विचार जुळवायला वेळ देतात. वाचताना ते फक्त वेळ खातात. ते गाळल्यावर त्यांचा सव्वा सेकंद प्रश्नाच्या कॅप्शनला मिळाला. एरवी ते जेमतेम एक सेकंद टिकलं असतं, आता सव्वादोनच्या वर टिकतं. इथे मात्र हात आखडता ठेवावा. आवाजही मराठी आणि अक्षरंही मराठी असतील तर ऐकणाऱ्याला प्रत्येक बदल दिसतो. ‘आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस’च्या जागी ‘सगळे जण’ लिहिलं तर अक्षरं वाचतील, पण आवाज चालू ठेवून बघणाऱ्याला कान आणि डोळे भांडताना जाणवतील. भरतीचे शब्द, अडखळणं, दोनदा म्हटलेला शब्द एवढं गाळावं. शब्द बदलू नयेत. दुकानदार ‘करायचं’ म्हणाला तर ‘करायचे’ लिहू नये, आणि त्याच्या बोलण्यात सांगलीची छटा असेल तर ती पुसू नये.

तिसऱ्यात ‘तरी’ आणि चौथ्यात ‘तर’ आपापल्या ओळीच्या शेवटी आहेत, ‘पण’ नव्या कॅप्शनच्या सुरुवातीला आहे. पाचवं कॅप्शन एकाच ओळीचं आहे. ‘टाकीतल्या कॉइलचं बटण दाबायचं’ ही 18 अक्षरं एका ओळीत मावतात, मग ती मोडायचं कारण नाही. नव्याने काम करणारे एडिटर दोन ओळींच्या मर्यादेला दोन ओळींची सक्ती समजतात. एक ओळ वाचायला सोपी असते आणि चित्रही कमी झाकते. सहाव्यात मात्र दोन ओळी हव्यातच. अट वर, मनाई खाली, दोन्ही ओळी चौदा-चौदा अक्षरांच्या. ओळी अशा सारख्या लांबीच्या निघाल्या तर छान दिसतात, पण त्यासाठी अर्थाची गाठ सोडू नये. लांबी आणि अर्थ यांचं भांडण लागलं तर दर वेळी अर्थाच्या बाजूने निकाल द्यावा, भले वरची ओळ सात अक्षरांची आणि खालची एकोणीसची होवो.

शेवटचं कॅप्शन बोलणं संपल्यावरही थोडं रेंगाळतं. त्या वाक्याला साधारण पावणेतीन सेकंद लागतात आणि कॅप्शन 3.32 सेकंद राहतं. पुढे लगेच दुसरं वाक्य नसेल तर हा अर्धा-पाऊण सेकंद द्यायला हरकत नसते, आणि सूचना किंवा मनाई असेल तर तो द्यावाच.

वेळेचे ठोकताळे जाणून घेण्यासारखे आहेत. नेटफ्लिक्सच्या सर्वसाधारण नियमांत एक सबटायटल कमीत कमी पाच षष्ठांश सेकंद आणि जास्तीत जास्त 7 सेकंद राहतं. बीबीसी इंग्रजीसाठी मिनिटाला 160 ते 180 शब्दांचा वेग सुचवते. मराठी शब्दाला प्रत्यय चिकटलेले असतात, एका शब्दात इंग्रजीच्या दोन-तीन शब्दांचं काम होतं, त्यामुळे शब्द मोजून मराठीचा वेग ठरवणं फसवं आहे. सेकंदाला दहा-अकरा अक्षरांपर्यंत बहुतेकांना सोपं जातं असं मी धरतो. आपलं पहिलं कॅप्शन बरोबर त्या काठावर आहे: 31 अक्षरं, तीन सेकंद. पाचवंही जवळपास तेवढंच दाट आहे, बाकीची त्याहून निवांत आहेत. एखादं कॅप्शन सेकंदाला चौदा-पंधरा अक्षरांवर गेलं की ते कसं ओळखावं? आवाज बंद करून बघा. शेवटचा शब्द वाचून होण्याआधी ते गेलं, किंवा ते वाचताना चित्रात काय होतं हे कळलंच नाही, तर ते दाट झालं आहे.

दोन कॅप्शनमधली 80 मिलिसेकंदांची फट सहज म्हणून ठेवलेली नाही. सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओत ती बरोबर दोन फ्रेमची होते. एवढ्या छोट्या मोकळ्या क्षणामुळे डोळ्याला कळतं की मजकूर बदलला. ती नसेल आणि दोन्ही कॅप्शन साधारण सारख्या आकाराची असतील तर बदल नजरेतून निसटतो. दृश्य बदलतं त्या जागेचंही भान ठेवावं. आपल्या जाहिरातीत 17.48 सेकंदाला दुकानदाराच्या चेहऱ्यावरून ढगाळ आभाळावर कट आहे. तिसरं कॅप्शन त्याच फ्रेमवर सुरू होतं. ते चार-पाच फ्रेम आधी सुरू झालं असतं तर अक्षरं आणि चित्र एकामागोमाग दोनदा उडी मारताना दिसली असती. जाहिरातीत कट इतके असतात की प्रत्येकाला मान देणं शक्य नसतं. जिथे विषय बदलतो तेवढे कट पाळले तरी पुरतं.

रील्समध्ये सध्या एकेक शब्द उसळी मारून येणारी कॅप्शन फार चालतात. मला ती मराठीत पटत नाहीत. क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषेत एकेक शब्द दाखवणं म्हणजे शेवटच्या शब्दापर्यंत प्रेक्षकाला ताटकळत ठेवणं. ‘नका’ तर सगळ्यांत शेवटी उगवतो. गिऱ्हाइकाला ती हालचाल हवीच असेल तर पूर्ण ओळ आधी दाखवावी आणि बोलला जाणारा शब्द रंगाने उजळत न्यावा. हालचालही मिळते आणि वाक्यही समोर राहतं.

ओळी नीट मोडल्या म्हणजे त्या नीट दिसतीलच असं नाही. देवनागरीला वरही मात्रा असतात आणि खालीही. पहिल्याच कॅप्शनमध्ये वरच्या ओळीत ‘माणूस’चा ऊकार खाली लोंबतो आणि खालच्या ओळीत ‘पहिल्यांदा’ची वेलांटी आणि अनुस्वार वर येतात. रोमन लिपीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर ठेवलं तर ते एकमेकांत घुसतात. फाँटच्या आकाराच्या सव्वापट ते दीडपट अंतर देऊन बघावं. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे मोफत मिळणारे फाँट पडद्यावर स्वच्छ दिसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची सोय मात्र अजिबात वापरू नये. इंग्रजीत त्याने ऐसपैसपणा येतो, मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. जाड किनार दिली तर काही साधनांत अक्षरं जुळतात तिथे किनारीच्या बारीक उभ्या रेघा दिसतात. त्यापेक्षा अक्षरांमागे काळपट, अर्धपारदर्शक पट्टी बरी.

प्रीमियर प्रोमध्ये मराठी टाइप केल्यावर वेलांटी भलत्या बाजूला गेली किंवा ‘त्याचं’मधला त आणि य हलन्त दाखवत सुटे उभे राहिले, तर फाँटला दोष देऊ नये. प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सच्या पानावर मजकूर मांडणाऱ्या इंजिनाची निवड असते. तिथे South Asian and Middle Eastern हा पर्याय घेतला की अक्षरं जागेवर येतात. आधी टाइप केलेला मजकूर कधीकधी तसाच राहतो, तो पुसून पुन्हा टाकावा लागतो.

जागेचा प्रश्न उरतो. टीव्हीच्या सवयीने कॅप्शन तळाशी ठेवली तर रीलमध्ये ती खात्याचं नाव, वर्णन आणि बटणांच्या मागे जातात. रील्सच्या जाहिरातींसाठी मेटाची सूचना वरचे सुमारे 14 टक्के, तळाचे 35 टक्के आणि दोन्ही कडांचे 6-6 टक्के मोकळे ठेवण्याची आहे. 1920 पिक्सेल उंचीत याचा अर्थ असा की कॅप्शनची खालची ओळ वरून सुमारे 1250 पिक्सेलच्या आत संपली पाहिजे. तिथे आपल्या दुकानदाराची छाती येते, चेहरा मोकळा राहतो. पण जाहिरातीत एक पट्टी हटकून येते, दुकानाचं नाव आणि फोन नंबर लिहिलेली. ती आणि कॅप्शन एकाच वेळी एकाच उंचीवर असतील तर कॅप्शन तेवढ्यापुरतं वर न्यावं. प्रेक्षक दोन मजकूर एका वेळी वाचत नाही. फोन नंबरची पट्टी येते त्या चार सेकंदांत दुकानदार बोलत असेल, तर ते बोलणं एका ओळीत बसेल एवढं लहान ठेवायला चित्रीकरणाआधीच सांगावं. नंतर एडिटरला तिथे फार काही करता येत नाही.

सगळं झालं की दोन प्रती काढाव्यात. एक अक्षरं चित्रातच छापलेली, रील आणि व्हॉट्सॲपसाठी. दुसरी अक्षरांशिवाय, सोबत एसआरटी फाइल, यूट्यूबसाठी. यूट्यूबवर प्रेक्षक कॅप्शन बंद करू शकतो, अक्षरांचा आकार बदलू शकतो, आणि आकार मोठा केला की आपण घातलेल्या ओळीही पुन्हा वळू शकतात. त्या प्रतीत ओळी आणखी आखूड ठेवलेल्या बऱ्या. छापलेल्या प्रतीत ही भीती नाही, पण तिथे चूक दुरुस्त करायची तर पूर्ण व्हिडिओ पुन्हा काढावा लागतो. ffmpeg वापरणाऱ्यांना त्यासाठी एक ओळ पुरते:

```
ffmpeg -i jahirat.mp4 -vf "subtitles=jahirat.srt" -c:a copy final.mp4
```

यात आवाज जसाच्या तसा राहतो आणि अक्षरं चित्रात उतरतात. किंमत, सूट आणि तारखा या छापलेल्या प्रतीत येणार असतील तर दुकानदाराकडून त्या आधी लेखी घ्याव्यात. पावसाळ्यातली सूट दिवाळीपर्यंत वाढली की जो फोन येतो, त्याला तोंड देताना मूळ व्हिडिओ आणि एसआरटी फाइल एकाच फोल्डरमध्ये सापडली पाहिजे.